दूध बंद करण्याआधी दोन्ही बाजूंचा हिशेब

पत्र

मी सिन्नर तालुक्यातील दूध उत्पादक आहे. गावातल्या सहकारी दूध संस्थेचा नऊ वर्षांपासून सभासद आहे. चार संकरित गायी आहेत, रोज साधारण चाळीस लिटर दूध जाते. आता गावात खाजगी डेअरीचा बल्क कूलर बसला आहे आणि तिथे लिटरमागे दोन रुपये जास्त मिळतात, म्हणून येत्या १ तारखेपासून दूध तिकडे घालायचे ठरवले आहे. सचिव म्हणतात, पेंडीची बाकी ३१,४०० रुपये आहे. माझ्या हिशेबाने ती २३,००० आहे. शेवटची दोन बिले रोखणार, ठेव आणि शेअर विसरा, दिवाळीचा दर फरकही मिळणार नाही, असे त्यांनी तोंडी सांगितले. गायीच्या बँक कर्जाचा ४,२०० रुपयांचा हप्ता संस्थाच बिलातून कापते. चुलत भावाने संस्थेकडून घेतलेल्या उचलीला मी जामीन आहे. पेंड उधारीवर सुरू करताना दोन सह्या केलेले कोरे चेकही दिले आहेत. गावात भांडण न करता मोकळे कसे व्हावे? बिलांच्या पावत्या, पासबुक आणि पेंडीचा खातेउतारा यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण झेरॉक्स जोडल्या हे फार बरे केले, कारण आपल्या प्रश्नाचा सर्वात अवघड भाग त्या कागदांतच सुटतो. मी बरीच वर्षे दूध संस्थांचे लेखापरीक्षण केले आहे, आणि सभासद व सचिव यांच्यात पेंडीच्या बाकीवरून वाद झाला की मी पहिल्यांदा बिलातील कपात आणि खतावणीतील जमा यांची तारखेवार जुळणी करतो. आपल्या पावत्यांची तशी जुळणी केली. संस्था प्रत्येक दहा दिवसांच्या बिलातून पेंडीपोटी २,८०० रुपये कापते. जुलैमधील दोन आणि ऑगस्टमधील एक अशा तीन बिलांवर ही कपात छापलेली आहे, परंतु पेंडीच्या खातेउताऱ्यात त्या तीन तारखांना जमेची नोंदच नाही. तीन गुणिले २,८०० म्हणजे ८,४०० रुपये, आणि ३१,४०० वजा २३,००० हा फरकही नेमका ८,४०० रुपयांचाच आहे. म्हणजे रक्कम आपल्या बिलातून गेली, पण आपल्या पेंडीच्या खात्यावर पोहोचली नाही. यामागे लबाडीच असेल असे मी लगेच म्हणणार नाही. संगणकावरील बिलाची कपात खतावणीत चढवताना शेजारच्या सभासद क्रमांकावर जमा होणे, किंवा एखाद्या बिलाची कपात यादी चढवायची राहूनच जाणे, हे प्रकार मी अनेकदा पाहिले आहेत. म्हणून सचिवांकडे जाताना 'तुमचा आकडा खोटा आहे' असे न म्हणता त्या तीन बिलांच्या तारखा एका कागदावर लिहून न्याव्यात आणि 'या तीन कपाती कोणाच्या खात्यावर जमा झाल्या ते किर्दीत पाहावे' असा लेखी अर्ज द्यावा. विशिष्ट तारीख समोर ठेवली की चूक सापडणे सोपे जाते आणि सचिवांनाही ती मान्य करणे अवघड वाटत नाही.

तोपर्यंत एक काळजी अवश्य घ्यावी. लेखापरीक्षणाच्या वेळी किंवा सभासद संस्था सोडतो तेव्हा 'अमुक इतकी बाकी मला मान्य आहे' अशा मजकुराच्या कागदावर सही घेतली जाते. ३१,४०० रुपयांच्या कागदावर सही करू नये. सही करण्याचा आग्रहच झाला तर '२३,००० मान्य, ८,४०० रुपयांची जुळणी बाकी' असे स्वतःच्या हाताने लिहून मगच सही करावी. एकदा केलेली मान्यता पुढच्या कोणत्याही वादात आपल्याविरुद्धचा सर्वात मोठा पुरावा ठरते.

आता संपूर्ण हिशेब मांडू. सचिवांच्या बोलण्यात आणि आपल्या पत्रातही तीन वेगवेगळे पैसे एकत्र झाले आहेत, आणि गोंधळ तिथेच आहे. पहिला पैसा घातलेल्या दुधाचा. तो बिलाच्या ठरलेल्या दिवशी देय होतो. दुसरा दर फरकाचा. तो वार्षिक सभेच्या ठरावाने देय होतो. तिसरा ठेवीचा आणि शेअरचा. तो सभासदत्व संपल्यावर देय होतो. या तिघांची वेळ वेगळी आहे, त्यामुळे तिसऱ्याचा वाद पुढे करून पहिला रोखता येत नाही. संस्थेला अधिकार आहे तो वेगळ्या गोष्टीचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४६ प्रमाणे सभासदाकडे जे येणे असेल त्यापोटी त्याच्या शेअरवर व ठेवीवर संस्थेचा बोजा असतो, आणि त्याला द्यायच्या रकमेतून ते येणे वळते करता येते. वळते करणे म्हणजे खरोखर निघालेली बाकी वजा करून उरलेली रक्कम देणे. संपूर्ण बिल रोखून ठेवण्याचा अधिकार त्यात येत नाही.

आपल्या आकड्यांत पाहू. शेवटच्या दोन बिलांचे साधारण ८०० लिटर दूध, सध्याच्या ३२ रुपये ५० पैसे दराने, २६,००० रुपयांचे होते. मागील आर्थिक वर्षात आपण १३,८०० लिटर दूध घातले असून सप्टेंबरच्या वार्षिक सभेत लिटरमागे एक रुपया दर फरक मंजूर झाल्याची नोंद पासबुकात दिसते. म्हणजे आणखी १३,८०० रुपये. एकूण ३९,८०० रुपये संस्थेकडून येणे. त्यातून पेंडीचे २३,००० आणि कर्जाचा या महिन्याचा हप्ता ४,२०० वजा केला तर १२,६०० रुपये आपल्याला मिळायला हवेत. आता सचिवांचाच ३१,४०० हा आकडा खरा धरला, तरी वजाबाकीनंतर ४,२०० रुपये आपलेच निघतात, आणि ही मांडणी ठेव व शेअरला हात न लावता केलेली आहे. त्यामुळे आपण समितीपुढे एक सरळ प्रस्ताव ठेवू शकता: वाद नसलेले २३,००० रुपये आणि कर्जाच्या हप्त्याचे ४,२०० रुपये ताबडतोब वळते करावेत, वादातील ८,४०० रुपये जुळणी होईपर्यंत संस्थेकडेच वेगळे राहू द्यावेत, आणि उरलेले ४,२०० रुपये बिलाच्या नेहमीच्या दिवशी खात्यावर जमा करावेत. संस्थेचा एक रुपयाही बुडत नसताना हा प्रस्ताव नाकारणे कोणत्याही समितीला अवघड जाईल.

इथे संस्थेच्या बाजूनेही थोडे लिहिले पाहिजे. पेंडीची उधारी संस्था स्वतःच्या खिशातून देत नाही. पशुखाद्याच्या गोण्यांचे पैसे पुरवठादाराला वेळेवर द्यावे लागतात आणि ते इतर सभासदांच्या भांडवलातून जातात. बल्क कूलर बसला की गावातील दहा-पंधरा उत्पादक एकाच महिन्यात निघून जातात, आणि त्यातील काही पेंडीची बाकी तशीच ठेवून जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सचिवांची भाषा कडक होते ती या अनुभवामुळे. म्हणून २३,००० रुपयांची कबुली आपण स्वतःहून, मागण्याआधी आणि लेखी द्यावी असे माझे मत आहे. त्याने आपल्या बाकीच्या मागण्यांना वजन येईल.

दर फरकाबाबत मात्र ठरावाची भाषा प्रत्यक्ष वाचल्याशिवाय निश्चिंत राहू नये. हा पैसा मागील १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात घातलेल्या लिटरवर आहे आणि ते दूध आपण घातलेले आहे, त्यामुळे आपला हक्क उघड आहे. परंतु काही संस्थांच्या ठरावात किंवा पोटनियमात 'वाटपाच्या दिवशी दूध चालू असलेल्या सभासदास' अशी अट असते. ती न्याय्य आहे का, यावर वाद घालता येईल. पण वाद घालत बसण्यापेक्षा वाटप दिवाळीआधी होणार असेल तर दर फरक खात्यावर पडेपर्यंत दूध चालू ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. पंधरा दिवस उशीर झाला तर खाजगी डेअरीतील दोन रुपयांप्रमाणे आपले १,२०० रुपये कमी मिळतील, आणि त्या बदल्यात १३,८०० रुपये वादाबाहेर राहतील. चालू वर्षाच्या एप्रिलपासूनच्या दुधाचा फरक पुढच्या सप्टेंबरमध्ये ठरेल. त्या लिटरची नोंद असलेला उतारा आत्ताच घेऊन ठेवावा, कारण पुढच्या वर्षी आपण मागायला जाल तेव्हा समोर कोण बसलेले असेल हे सांगता येत नाही. जाता जाता एवढेच सुचवतो की खाजगी डेअरी वर्षअखेरचा फरक देत नसेल, तर आपल्या दोन रुपयांच्या फायद्यातील एक रुपया इथेच वजा होतो. निर्णय आपला आहे, पण तो या आकड्यावर एकदा तपासून घ्यावा.

हा ठराव आणि आपल्या खात्याची पाने पाहण्यासाठी कोणाची विनवणी करण्याची गरज नाही. अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे संस्थेचे पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभांचे इतिवृत्त आणि ज्या पानांवर आपले व्यवहार नोंदलेले आहेत ती पाने कार्यालयीन वेळेत विनाशुल्क पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. लेखी मागणी करून ठरलेले शुल्क भरले की नकला एका महिन्याच्या आत द्याव्या लागतात. हा हक्क सभासदाचा आहे हे लक्षात घ्या. म्हणून राजीनाम्याची घाई न करता आधी नकला मागाव्यात. पेंडीचा उतारा आपण मिळवलाच आहे. आता ठेवीचा आणि शेअरचा उतारा, दर फरकाच्या ठरावाची नक्कल आणि आपण सभासद होताना सही केलेला पुरवठ्याचा करार, असे चारही कागद एकाच अर्जात मागावेत. करारात किंवा पोटनियमात घरखर्चापुरते दूध वगळून बाकी सर्व दूध संस्थेलाच घालण्याचे बंधन असते, आणि काही ठिकाणी ते मोडल्यास दंड लिहिलेला असतो. तसे कलम असेल तर सभासद राहून दूध दुसरीकडे घालणे आपल्याला महागात पडेल, आणि दंडाची रक्कम शेवटच्या हिशेबात अचानक दिसेल.

यातूनच पुढचा मुद्दा येतो. दूध बंद करणे आणि सभासदत्व सोडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. कॅन घेऊन संकलन केंद्रावर जाणे थांबवले म्हणून सभासदत्व संपत नाही, आणि ते संपल्याशिवाय शेअरचे पैसे मागता येत नाहीत. राजीनाम्यासाठी १९६१ च्या नियमांप्रमाणे सचिवांना तीन महिन्यांची लेखी सूचना द्यावी लागते, आणि सभासदाची स्वतःची बाकी व जामीनकीची जबाबदारी फिटल्याखेरीज राजीनामा मंजूर होत नाही. आपल्या बाबतीत पेंड वळती होऊन जाईल, पण चुलत भावाची उचल अडथळा ठरेल. ती उचल भाऊ नियमित फेडत असतील तर आज आपल्याकडून काही येणे निघत नाही, आणि त्यापोटी आपले दूध बिल कापण्याचे कारणही नाही. पण भावाचा हप्ता थकला तर जामीनदारावर मूळ कर्जदाराइतकीच जबाबदारी येते. भावाशी आधी घरात बोलून घ्यावे, त्यांनी दुसरा सभासद जामीन म्हणून द्यावा, आणि जामीन बदलल्याचा समितीचा ठराव होऊन त्याची नक्कल आपल्या हातात यावी. 'बदलून टाकू' या तोंडी शब्दावर थांबू नये. ठराव नसेल तर जुन्या रोख्यावरील आपली सही जिवंत राहते.

सूचनेचा अर्ज फार लांब असण्याची गरज नाही. 'मी सभासद क्रमांक अमुक, माझ्या वैयक्तिक कारणास्तव सभासदत्वाचा राजीनामा देत आहे. ही तीन महिन्यांची सूचना समजावी. अमुक तारखेपासून माझे दूध बंद राहील. माझी पेंडीची मान्य बाकी २३,००० रुपये देय बिलातून वळती करून घ्यावी. माझी ठेव व शेअर रक्कम सभासदत्व संपल्यानंतर माझ्या बँक खात्यात जमा करावी आणि बेबाकी दाखला द्यावा,' एवढा मजकूर पुरेसा आहे. दोन प्रती कराव्यात, एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. पोच देण्यास कोणी टाळाटाळ केली तर तीच प्रत स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवावी. तीन महिने तिच्या पोहोचण्यापासून मोजले जातील.

ठेव आणि शेअर 'विसरा' हे सचिवांचे म्हणणे बरोबर नाही, परंतु ते लगेच मिळतील ही अपेक्षाही धरू नये. आपल्या पासबुकात ठेव १८,६०० आणि शेअर २,५०० रुपये दिसतात. ठेव लिटरमागे काही पैसे कापून साठलेली आहे. ती परतीची की बिनपरतीची, हे पोटनियमात पाहावे, कारण गावात दोन्ही प्रकारांना सरसकट 'ठेव' म्हटले जाते आणि त्यावरून पुष्कळ गैरसमज होतात. परतीची असेल तर व्याजाचा दर व परतफेडीची मुदत तिथेच दिलेली असते. शेअरच्या बाबतीत कायद्याने एक मर्यादा घातली आहे: राजीनामा दिलेल्या सभासदांचे शेअर परत घेण्यासाठी संस्थेला एका आर्थिक वर्षात मागील वर्षअखेरच्या वसूल भागभांडवलाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देता येत नाही. एकाच वर्षी खूप सभासद बाहेर पडले तर शेवटच्यांना पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. शिवाय शेअरची किंमत शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदावरून ठरते आणि ती आपण भरलेल्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. संस्था तोट्यात असेल तर कमी मिळू शकते. वाट पाहायची नसेल तर दुसरा मार्ग आहे. एक वर्षाहून जास्त काळ धारण केलेले शेअर दुसऱ्या सभासदाच्या किंवा ज्याचा सभासदत्वाचा अर्ज मंजूर झाला आहे अशा व्यक्तीच्या नावे करता येतात. आपले शेअर तर नऊ वर्षांचे आहेत.

बँकेच्या कर्जाकडे दुर्लक्ष झाले तर नुकसान थेट आपलेच होईल. हप्ता बिलातून कापून बँकेत भरण्याची हमी संस्थेने बँकेला दिलेली असते. दूध बंद झाले की तो मार्ग बंद होतो, कर्ज मात्र चालू राहते, आणि नव्वद दिवस हप्ता थकला की खाते थकीत वर्गात जाते. दूध बंद करण्याच्या आधीच्या आठवड्यात शाखेत जाऊन कर्जाचा उतारा घ्यावा आणि तो बिलातील कपातीशी ताडून पाहावा. संस्थेने हप्ता महिन्याच्या पहिल्या बिलातून कापला आणि बँकेत महिनाभराने भरला, तर मधल्या दिवसांचे व्याज आपल्या खात्यावर पडलेले दिसेल. असा उशीर आढळला तर तो शेवटच्या हिशेबातच मांडावा, नंतर तो कोणी ऐकत नाही. पुढच्या हप्त्यांसाठी बचत खात्यातून परस्पर कपातीची सूचना बँकेला द्यावी. नवीन डेअरी हप्ता कापून भरेल असे कोणी म्हणाले तर तशी लेखी हमी बँकेने स्वीकारल्यावरच त्यावर विसंबावे.

शेवटच्या वीस दिवसांत दुधाच्या तपासणीकडेही लक्ष असू द्यावे. दोन्ही वेळची फॅट आणि एसएनएफची पावती जपून ठेवावी. चारा, पेंड आणि गायींची वेताची अवस्था बदललेली नसताना गायीच्या दुधाची फॅट अचानक ३.८ वरून ३.३ वर उतरली आणि सतत तशीच राहिली, तर त्याच वेळी, नमुना समोर असतानाच, पुन्हा तपासणीची मागणी करावी. दूध टाकीत मिसळल्यावर तक्रारीला अर्थ उरत नाही. २०२४ साली राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे आधी ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान दिले होते. त्यातील एखादा हप्ता आपल्या खात्यावर यायचा राहिला असेल तर आपली माहिती ज्या संघाने भरली होती त्याच्याकडे पाठपुरावा करावा, कारण नवीन डेअरीला जुन्या नोंदी दुरुस्त करता येणार नाहीत.

हे सर्व करूनही समितीने बिल रोखले, तर आधी चेअरमनच्या नावे लेखी मागणी करून पंधरा दिवस थांबावे, नंतर सहकार खात्याच्या दुग्ध विभागाच्या सहायक निबंधकांकडे कागदांच्या नकलांसह तक्रार करावी. रकमेचा वाद मिटलाच नाही तर कलम ९१ प्रमाणे सहकार न्यायालयात जाता येते, पण ८,४०० रुपयांसाठी तिथपर्यंत जाण्याची वेळ येईल असे मला वाटत नाही. त्या तीन तारखांची किर्द उघडली की ती चूक सापडेल.

हिशेब फिटल्याच्या दिवशी बेबाकी दाखला घेताना ते दोन कोरे चेक त्याच बैठकीत परत मागावेत. सापडत नाहीत असे उत्तर आले तर चेकचे क्रमांक आपल्या चेकबुकाच्या अर्धपत्रीवरून काढून, ते संस्थेकडे परत मिळणे बाकी आहेत असे दाखल्यावरच लिहून घ्यावे, आणि त्याच दिवशी बँकेत त्या क्रमांकांचे पेमेंट थांबवण्याचा अर्ज द्यावा.